साक्षरता दर आणि बेरोजगारी दर: एकाचा छेद जागेवर, दुसऱ्याचा सरकता

‘साक्षरता ७३ टक्के’ आणि ‘बेरोजगारी ३.२ टक्के’ ही दोन वाक्यं वर्तमानपत्रात शेजारी छापली की दोन्ही एकाच जातीची वाटतात. मग पहिल्यावरून ‘शंभरातले ७३ लोक साक्षर’ आणि दुसऱ्यावरून ‘शंभरातले तीन लोक बेरोजगार’ असं सर्रास लिहिलं जातं. पहिलं विधान अर्धवट आहे, दुसरं सरळ चूक.

साक्षरतेचा छेद बहुतेकांना माहीत असतो: सात वर्षं आणि त्यावरील लोकसंख्या. २०११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १२१.०९ कोटी होती. त्यात सहा वर्षांपर्यंतची मुलं १६.४५ कोटी आणि साक्षर ७६.३६ कोटी. मुलं वजा करून भागाकार केला की ७३ टक्के येतात, न करता केला तर ६३. जनगणना सात वर्षांखालच्या मुलाला, त्याला वाचता येत असलं तरी, निरक्षरच धरते. म्हणून तिच्या तक्त्यातल्या ‘निरक्षर’ रकान्यात सुमारे ४४.७ कोटी दिसतात. तो आकडा उचलून ‘एवढे लोक अडाणी’ असा मथळा देणारे पाळण्यातली बाळंही त्यात मोजत असतात. जुन्या आकड्यांशी तुलना करताना एवढं मात्र बघावं: १९८१ चा ३६.२३ टक्के हा दर संपूर्ण लोकसंख्येवर आहे, १९९१ चा ५२.२१ हा सात वर्षांवरच्यांवर. दोन्ही शेजारी ठेवले की दहा वर्षांत सोळा टक्क्यांची उडी दिसते. १९८१ चा सात वर्षांवरचा दर ४३.५७ होता, म्हणजे खरी वाढ साडेआठ टक्क्यांच्या आसपास.

साक्षरतेचा गोंधळ इथेच संपतो, कारण तिचा छेद वयाने ठरतो. सात वर्षं पूर्ण झाली की माणूस छेदात येतो. शिकला, शिकला नाही, शिकायचा कंटाळा आला, तरी तो तिथून हलत नाही.

बेरोजगारीत हेच बदलतं. तिचा छेद लोकसंख्या नाही, प्रौढ लोकसंख्यादेखील नाही. तो आहे श्रमबल, म्हणजे काम करणारे अधिक बेरोजगार. आणि श्रमबलात कोण, हे वयावर नाही तर माणूस काय करतो आणि सर्वेक्षकाला काय सांगतो यावर ठरतं. आवर्तक श्रमबल सर्वेक्षणात (पीएलएफएस) प्रत्येक व्यक्तीला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. घरच्या शेतीत किंवा दुकानात विनामोबदला मदत करणारी बाई २१, म्हणजे रोजगारात. काम नाही, पण शोधतो आहे किंवा मिळालं तर करायला तयार आहे, असा माणूस ८१, म्हणजे बेरोजगार. शिक्षण घेणारा विद्यार्थी ९१ आणि फक्त घरकाम करणारी गृहिणी ९२. हे दोघे श्रमबलाबाहेर, म्हणजे अंशातही नाहीत आणि छेदातही नाहीत.

पुण्यात एमपीएससीची तयारी करणारा मुलगा घ्या. ‘मिळालं तर काम करीन’ म्हणाला तर तो बेरोजगार. एम.ए.ला नाव घातलं आहे, सध्या काम नको, असं म्हणाला तर विद्यार्थी. खोली तीच, अभ्यासिका तीच, पण एका उत्तराने दर वाढतो आणि दुसऱ्याने घटतो.

याचा परिणाम एका काल्पनिक गावावर बघू. पंधरा वर्षांवरचे १,००० लोक; त्यातले ५७० कामावर, ३० बेरोजगार. श्रमबल ६००, बेरोजगारी दर ५ टक्के. (गावातले बेरोजगार मात्र शंभरात तीनच.)

आता त्या तिसांपैकी दहा जणांनी काम शोधणं सोडलं आणि ‘मिळालं तर करीन’ असंही म्हणेनासे झाले. बेरोजगार २०, श्रमबल ५९०, दर ३.४ टक्के. कोणालाही नोकरी लागलेली नाही, तरी बेरोजगारी ‘घटली’.

उलट बाजूने, मूळ गावातल्या वीस गृहिणी काम शोधू लागल्या. बेरोजगार ५०, श्रमबल ६२०, दर ८.१ टक्के. कोणाचीही नोकरी गेलेली नाही.

तिसरी शक्यता सगळ्यात फसवी. मूळ गावात चाळीस बायकांची नोंद ‘फक्त घरकाम’ऐवजी ‘घरच्या शेतीत मदत’ अशी झाली. कामावर ६१०, बेरोजगार तेच ३०, श्रमबल ६४०, दर ४.७ टक्के. बेरोजगार होते तिथेच आहेत, फक्त त्यांच्याखालचा छेद फुगला.

तिसऱ्या शक्यतेसारखं प्रत्यक्षात घडलेलं आहे. पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमबल सहभाग, म्हणजे त्यांच्यातल्या किती जणी श्रमबलात आहेत याचं प्रमाण, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये एक तृतीयांशाहून जास्त जणी घरच्या उद्योगात विनामोबदला मदत करणाऱ्या होत्या. त्याच काळात एकूण बेरोजगारी दर ६ वरून ३.२ टक्क्यांवर आला. हे सगळं छेदाचं खेळणं आहे, असा निष्कर्ष काढणारेही घाई करतात. म्हणून बेरोजगारांचं संपूर्ण प्रौढ लोकसंख्येतलं प्रमाण काढून बघावं, ते दोन मिनिटांचं काम आहे: श्रमबल सहभाग दरातून कामगार-लोकसंख्या गुणोत्तर, म्हणजे लोकसंख्येतलं कामावर असलेल्यांचं प्रमाण, वजा करायचं. २०१७-१८ मध्ये ४९.८ वजा ४६.८, म्हणजे ३.०. २०२३-२४ मध्ये ६०.१ वजा ५८.२, म्हणजे १.९. घट खरी आहे. पण दरावर ती जवळजवळ निम्मी दिसते, लोकसंख्येवर साधारण एक तृतीयांशाच्या थोडी वर. या वजाबाकीला श्रमबल सहभाग दराने भागलं की छापलेला बेरोजगारी दर परत मिळतो: १.९ भागिले ६०.१, म्हणजे ३.२ टक्के. दशांशाच्या किरकोळ फरकापलीकडे वेगळा आला तर समजावं की दोन वेगळ्या तक्त्यांतले आकडे एकत्र आले आहेत.

तरुणांच्या बाबतीत हा हिशेब न केल्याने सर्वाधिक घोळ होतो. १५ ते २९ वयोगटाचा दर २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के होता आणि लगेच ‘दर दहा तरुणांत एक बेरोजगार’ असं लिहिलं गेलं. या वयात निम्म्याहून जास्त जण शिकत किंवा घरकामात असल्याने श्रमबलाबाहेर असतात, सहभाग ४६.५ टक्के, काम करणारे ४१.७. म्हणजे बेरोजगार ४.८ टक्के, साधारण दर वीस तरुणांत एक. दहात एक हे फक्त काम करणाऱ्या किंवा मागणाऱ्या तरुणांपुरतं खरं आहे. यातला कोणता आकडा गंभीर, यावर वाद घालता येईल. माझ्या मते नोकरीच्या बाजारासाठी १०.२ हाच योग्य. पण तो ‘तरुणांपैकी’ म्हणून लिहू नये.

वयाची अट मात्र इथे गौण आहे, साक्षरतेच्या अगदी उलट. २०१७-१८ चा दर सर्व वयांसाठी ६.१ आणि पंधरा वर्षांवरच्यांसाठी ६.०, कारण लहान मुलं मुळातच श्रमबलात नसतात. सहभाग दर मात्र त्याच अटीने ३६.९ वरून ४९.८ होतो.

संदर्भकाळही बघून घ्यावा. वर दिलेले आकडे वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीचे आहेत. मागच्या सात दिवसांच्या स्थितीवर २०२३-२४ चा दर ४.९ टक्के येतो. २०२५ पासून दर महिन्याला येणारं पत्रक याच साप्ताहिक मोजणीवर आहे, त्यामुळे त्यातला पाचच्या आसपासचा आकडा जुन्या ३.२ शेजारी ठेवून ‘बेरोजगारी भडकली’ म्हणता येत नाही.