छपाईवरून मेमरी कार्ड ओळखता येतं का?

“कार्डावरची छपाई ठळक, सुबक असेल तर माल अस्सल. फोटो बघूनच कळतं.”

फोटोतून कळतं, पण एकाच बाजूने. लेबलमधली चूक नकली माल पकडून देते. निर्दोष लेबल मात्र काहीच सिद्ध करत नाही. चांगली छपाई आज कोणालाही जमते, शिवाय जाहिरातीतला फोटो अस्सल कार्डाचा आणि हातात पडणारं कार्ड भलतंच, हेही होतं.

फोटोत अक्षरांच्या वळणापेक्षा मजकुरातली विसंगती शोधा. समजा, कार्डावर 64 जीबी छापलंय आणि शेजारी SDHC चं चिन्ह आहे. हा प्रकार 32 जीबीपर्यंतच जातो. त्यापुढे 2 टीबीपर्यंत SDXC हवं. म्हणजे लेबल स्वतःलाच खोटं पाडतंय. असं कार्ड घेऊच नका.

लेबल जुळलं तरी खरी लबाडी आत असते. आतली चिप 8 जीबीची, पण तिचा कंट्रोलर कॉम्प्युटरला 64 सांगतो. फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते. 8 जीबी भरल्यावर पुढचा डेटा हरवतो किंवा जुन्यावर लिहिला जातो. लग्नाचे फोटो उघडत नाहीत, तेव्हा कुठे कळतं. (64 ऐवजी विंडोजवर साधारण 59 दिसले, तर ती फसवणूक नव्हे, तो मोजणीच्या पद्धतीतला फरक.)

म्हणून नवीन कार्ड रिकामं असतानाच विंडोजवर H2testw, लिनक्सवर F3 चालवा. ते पूर्ण कार्ड भरून सगळं परत वाचतात. वेळ बराच लागतो, पण वस्तू परत करायची मुदत संपण्याआधी उरका.