ट्यूबलेस आणि ट्यूबचे टायर : मोटारसायकलचे पंक्चर व त्याची दुरुस्ती

मोटारसायकलच्या टायरचे हवा धरून ठेवण्याच्या पद्धतीवरून दोन प्रकार पडतात. ट्यूबच्या टायरमध्ये हवा आतल्या रबरी ट्यूबमध्ये असते आणि टायर फक्त भार पेलतो, रस्त्याशी घासतो व ट्यूबला आकार देतो. ट्यूबलेस टायरमध्ये टायर आणि रिम मिळून हवेची बंद पोकळी तयार होते. पंक्चर झाल्यावर हवा किती वेगाने जाईल, चालकाला सावरायला किती वेळ मिळेल आणि कोणती दुरुस्ती टिकेल, हे सगळे या एका फरकावर ठरते.

ट्यूबलेस टायरच्या आतून ब्यूटिल जातीच्या रबराचा एक अखंड थर असतो. साध्या रबरातून हवा हळूहळू झिरपते, या थरातून ती फारच कमी झिरपते. टायरची कड, म्हणजे बीड, रिमच्या खोबणीत घट्ट बसते. ट्यूबलेससाठी घडवलेल्या रिमला बीडच्या आतल्या बाजूला बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी बीड या उंचवट्यामुळे लगेच जागा सोडत नाही. आऱ्यांच्या चाकात प्रत्येक आऱ्याचे निपल, म्हणजे आरा रिमला आवळून धरणारा बारीक नट, रिमला भोक पाडून बसवलेले असते, त्यामुळे असे रिम हवाबंद नसते आणि त्यावर ट्यूब लागते. निपलची टोके ट्यूबला टोचू नयेत म्हणून मध्ये रबरी पट्टी घालतात. आऱ्यांची काही चाके विशेष रचनेने हवाबंद केलेली असतात, पण चाकाला आरे दिसले तर आत ट्यूब असणार असे धरून चालणे बरोबर. टायर कोणता आहे ते त्याच्या बाजूच्या भिंतीवर लिहिलेले असते. मात्र ट्यूबलेस असे छापलेला टायर आऱ्यांच्या रिमवर ट्यूब घालून बसवलेला असू शकतो. म्हणून टायर आणि रिम दोन्ही पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

खिळा शिरल्यावर काय होते

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा शिरला की रबर त्याला चहूबाजूंनी आवळते आणि भोक बऱ्याच अंशी खिळ्यानेच बुजते. हवा मिनिटामिनिटाने, कधी दिवसादिवसाने उतरते. गाडी जड वाटू लागते, वळणावर मागचे चाक आळसावल्यासारखे होते आणि थांबायला वेळ मिळतो. ट्यूबमध्ये तसे होत नाही. ट्यूब ताणलेली असते, त्यामुळे टोचलेल्या जागेपासून ती फाटत जाऊ शकते. बाहेर पडलेली हवा टायरमध्ये कोंडून राहत नाही, व्हॉल्व्हच्या भोकातून आणि आऱ्यांच्या निपलांजवळून ती काही सेकंदांत निघून जाते. चाक डुलू लागते आणि वेगात असताना चालकाला ते सांभाळणे कठीण जाते. अशा वेळी ज्या चाकाची हवा गेली त्याचा ब्रेक जोरात दाबू नये, कारण सैल पडलेला बीड त्याने रिमवरून सरकतो. हळूहळू वेग कमी होऊ द्यावा. आऱ्यांच्या चाकाचा लवचीकपणा खडबडीत वाटेवर उपयोगी पडतो, म्हणून तो प्रकार मोडीत निघालेला नाही, पण पंक्चरच्या बाबतीत ट्यूबलेस निःसंशय सरस आहे.

ट्यूबलेसची दुरुस्ती : दोरी आणि आतला मशरूम पॅच

ट्यूबलेसच्या दोन दुरुस्त्या प्रचलित आहेत आणि त्या एकसारख्या मानणे ही सर्वांत मोठी चूक. पहिलीत टायर रिमवरून न काढता भोकात चिकट रबरी दोरी बाहेरून घुसवतात. काम पाच-दहा मिनिटांत होते. पण टायर उघडला जात नाही, त्यामुळे आतले नुकसान दिसत नाही. शिवाय दोरी फक्त भोकाच्या वाटेत अडकलेली असते, आतल्या हवाबंद थरावर तिचे झाकण नसते. टायर दर फेरीला दबतो आणि उलगडतो, त्यात दोरी हळूहळू सैल होऊ शकते. भोक मोठे करण्यासाठी कानस जोरात फिरवली तर आतले बळकटीचे धागे तुटतात. म्हणून ही दुरुस्ती पुढच्या योग्य दुरुस्तीपर्यंत पोहोचण्यासाठीच मानावी.

दुसरी दुरुस्ती आतून होते. टायर काढून तपासतात आणि भोकाची वाट खिळ्याच्याच कोनात साफ करतात. मग छत्रीसारखा तुकडा आतून ओढून बसवतात. त्याचा दांडा भोक भरतो आणि छत्री आतल्या थरावर चिकटून हवा अडवते. दांड्याने पाणी धाग्यांपर्यंत जात नाही आणि छत्रीने हवा दांड्यापर्यंत येत नाही. नुसता आतून लावलेला पॅच यातले पहिले काम करत नाही, नुसती दोरी दुसरे करत नाही.

हे एका उदाहरणाने पाहू. समजा मागच्या टायरमध्ये थंड असताना ३३ पीएसआय हवा ठेवायची आहे आणि सकाळी मोजली तर १८ भरते. नक्षीच्या मधोमध एक खिळा दिसतो. तो उपटण्याआधी जागेवर खडूने खूण करावी. हवा भरायचे आणि भोक बुजवायचे साधन हाताशी असल्याशिवाय खिळा काढू नये, कारण बुजलेले भोक त्याच क्षणी मोकळे होते. हवा ३३ पर्यंत भरून खिळ्याभोवती साबणाचे पाणी लावले की बुडबुडे येतात. व्हॉल्व्हच्या तोंडाशी आणि बीडच्या कडेनेही पाणी लावावे, कारण कधी हवा तिथूनच जात असते आणि खिळ्यावर उगाच ठपका येतो.

आता टायर उतरवला आणि आत हात फिरवला. भोक चार मिलिमीटरचे आहे, नक्षीच्या मधल्या भागात आहे आणि वाट सरळ आहे. आतली भिंत गुळगुळीत आहे, म्हणजे दुरुस्ती करता येते. आतून रबराचा काळा भुगा सांडला असता किंवा बाजूच्या भिंतीवर गोलाकार सुरकुती दिसली असती, तर हवा उतरलेल्या अवस्थेत गाडी बरीच चालली आहे असे कळले असते. असा टायर भोक लहान असले तरी बाद करावा, कारण भिंतीचे धागे आतून मोडलेले असतात आणि ते कोणत्याही पॅचने जुळत नाहीत.

पुढची कामे घाई न करता करायची असतात. छत्रीच्या आकाराहून थोडी मोठी जागा कानसून खरबरीत करतात, पण हवाबंद थर आरपार जाऊ देत नाहीत. धूळ झाडून सोल्यूशनचा पातळ थर देतात आणि त्याची चकाकी जाऊन बोटाला नुसता चिकटपणा जाणवेपर्यंत थांबतात. ओल्या सोल्यूशनवर बसवलेली छत्री कडेने सुटते, आणि अयशस्वी दुरुस्तीचे हेच नेहमीचे कारण आहे. मग दांडा आतून बाहेर ओढतात, छत्री मधून कडेकडे रूळ फिरवून दाबतात आणि बाहेर राहिलेला दांडा नक्षीच्या पातळीजवळ कापतात. हवा भरताना बीड दोन्ही बाजूंना 'टक' आवाज करत बसतो. त्यानंतर बाजूच्या भिंतीवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते पाहावे. चाक बॅलन्स करून घ्यावे. दुसऱ्या दिवशी थंड टायरमध्ये हवा ३३ च असेल तर काम झाले, ३० असेल तर टायर पुन्हा उघडावा.

या दुरुस्तीला मर्यादा आहेत. भोक सुमारे सहा मिलिमीटरपेक्षा मोठे असेल, नक्षीच्या कडेजवळ किंवा बाजूच्या भिंतीवर असेल, चीर लांबट असेल किंवा नवे भोक जुन्या दुरुस्तीला लागून असेल, तर टायर बदलावा. बाजूची भिंत सतत वाकते, त्यामुळे तिथे काहीही धरून राहत नाही. काही उत्पादक आपल्या टायरची दुरुस्ती मुळीच मान्य करत नाहीत आणि अनेक जण दुरुस्तीनंतर वेगावर बंधन घालतात. पुढच्या चाकाच्या बाबतीत मी अधिक कडक राहीन, कारण तिथे हवा गेली की गाडी वळवण्याचे साधनच जाते.

टायरमध्ये भरायचे द्रव

फुसकारणाऱ्या डब्यातले किंवा बाटलीतले द्रव ट्यूबलेसमधील लहान भोक तात्पुरते बुजवते. रस्त्यात अडकल्यावर ते कामाला येते. पण त्याने भोक दिसेनासे होते आणि खिळा तसाच राहतो, व्हॉल्व्ह चिकटून हवेचे माप चुकू शकते आणि पॅच लावायच्या वेळी पृष्ठभाग धुऊन काढावा लागतो. द्रव टाकले असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला आधी सांगावे.

ट्यूबची दुरुस्ती

ट्यूबच्या टायरमध्ये बाहेरून दोरी घालण्याचा प्रश्नच येत नाही, कारण हवा धरणारी ट्यूब आत मोकळी असते. चाक काढून ट्यूब बाहेर काढावी लागते. इथे अधिक सुरक्षित निवड नव्या ट्यूबची आहे, विशेषतः लांबच्या किंवा वेगाच्या प्रवासासाठी. पॅच लावायचाच असेल तर भोक लहान, ट्यूबच्या सपाट अंगावर आणि व्हॉल्व्हपासून दूर असावे. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलेली ट्यूब पॅचने टिकत नाही.

ट्यूबवरची खूण कारण सांगते. एकच भोक असेल तर काहीतरी टोचले आहे. शेजारी शेजारी दोन लहान चिरा असतील तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळून ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली आहे. मग टायरमध्ये खिळा शोधण्यात अर्थ नाही, हवेचे माप पाहावे. भोक आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असेल तर रबरी पट्टी सरकली आहे किंवा निपलचे टोक वर आले आहे. कारण दूर न करता नवी ट्यूब घातली तर ती त्याच जागी टोचली जाते. टायरच्या आतून कापड फिरवावे, खिळ्याचे तुटलेले टोक असेल तर कापडाला अडकते आणि बोट वाचते.

पॅचच्या जागी ट्यूब खरबरीत करून त्याच पद्धतीने सोल्यूशन सुकू द्यावे लागते. बसवताना ट्यूब पिळू नये म्हणून तिच्यात थोडी हवा भरतात. शेवटी व्हॉल्व्ह रिमला काटकोनात उभा असावा. काही दिवसांनी तो तिरका दिसला तर टायर रिमवर सरकतो आहे आणि व्हॉल्व्हचे मूळ ताणले जात आहे. व्हॉल्व्हवरचा नट रिमला घट्ट आवळून ठेवला तर हा इशारा दिसतच नाही, म्हणून काही जाणकार तो टोपणाकडे सरकवून ठेवतात.

ट्यूबलेसमध्ये ट्यूब घालणे

ट्यूबलेस टायर पंक्चर झाला की त्यात ट्यूब घालून मोकळे होण्याची पद्धत सर्रास आढळते. तिने टायरचा मूळ फायदा जातो : पुढच्या खिळ्याला हवा सावकाश नव्हे, झटकन जाईल. ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून उष्णता वाढते. जखमी भिंत आत झाकली जाते, बरी होत नाही. जिथे टायर उत्पादक आणि वाहन उत्पादक दोघेही परवानगी देतात तिथे, योग्य मापाची आणि टायरच्या बांधणीला साजेशी ट्यूब घालता येते. दुरुस्तीस अपात्र ठरलेल्या टायरला मात्र ट्यूबने पात्र करता येत नाही. उलट प्रकार, म्हणजे फक्त ट्यूबसाठी बनलेला टायर ट्यूबशिवाय चालवणे, कुठल्याही रिमवर चालत नाही. त्याला आतला हवाबंद थरच नसतो.