बेदाणा : सुकवणीतील जलघट व उतारा

ताजे फळ वाळताना त्यातून उडून गेलेल्या पाण्याचे ताज्या वजनाशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे जलघट, आणि ताज्या फळापासून हाती येणाऱ्या वाळलेल्या मालाचे प्रमाण म्हणजे उतारा. सांगली जिल्ह्यातील तासगाव, कवठे महांकाळ व मिरज या तालुक्यांत द्राक्षापासून बेदाणा मोठ्या प्रमाणावर तयार होतो. तेथे या दोन्ही गोष्टींचा हिशेब ‘चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा’ अशा ठोकताळ्याने केला जातो. हा ठोकताळा कधी बरोबर येतो व कधी चुकतो, हे पुढील तत्त्वावरून समजते.

वाळवणीत पाणी जाते. साखर, आम्ले, साल व इतर घनभाग मात्र जवळजवळ तसाच राहतो. त्यामुळे ताज्या फळातील घनभागाचे वजन आणि वाळलेल्या फळातील घनभागाचे वजन समान धरता येते. त्यावरून सूत्र असे मिळते : वाळलेले वजन = ताजे वजन × (१०० − ताज्या फळातील पाण्याची टक्केवारी) ÷ (१०० − वाळलेल्या फळातील पाण्याची टक्केवारी).

समजा, १०० किलो द्राक्षमण्यांत ७८ टक्के पाणी आहे आणि बेदाण्यात १५ टक्के पाणी ठेवायचे आहे. घनभाग २२ किलो आहे व तो बेदाण्याच्या ८५ टक्के असणार, म्हणून बेदाणा २२ ÷ ०.८५, म्हणजे सुमारे २५.९ किलो मिळेल. उडालेले पाणी ७४.१ किलो, म्हणजेच जलघट ७४.१ टक्के. येथे सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ७८ मधून १५ वजा करून घट ६३ टक्के मानणे. त्याने ३७ किलो बेदाण्याची खोटी अपेक्षा निर्माण होते. या दोन टक्केवाऱ्या वेगवेगळ्या वजनांवर काढलेल्या असतात, एक १०० किलोंवर आणि दुसरी २५.९ किलोंवर, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करता येत नाही.

पाण्याची टक्केवारी कशावर काढावी, याबाबत अभ्यासकांत दोन पद्धती आहेत. व्यापारात व अन्नपरीक्षणात ती एकूण वजनावर काढतात. वाळवणयंत्रांचे अभ्यासक बहुधा कोरड्या घनभागावर काढतात. पहिल्या पद्धतीचे १५ टक्के दुसऱ्या पद्धतीत सुमारे १७.६ टक्के होतात. वाळवणीच्या वेगाचा आलेख मांडण्यास दुसरी पद्धत सोयीची असली, तरी खरेदी-विक्री एकूण वजनाने होत असल्याने प्रस्तुत नोंदीत पहिलीच स्वीकारली आहे. मोजणीतही सावधगिरी लागते. बेदाण्यातील फळशर्करा जास्त उष्णतेने विघटित होते व तिचे घटलेले वजन पाणी म्हणून गणले जाते. म्हणून प्रयोगशाळेत नमुना सुमारे ७०° से. तापमानास निर्वात भट्टीत वाळवणे अधिक विश्वसनीय मानले जाते.

बागेत घनभागाचा अंदाज रिफ्रॅक्टोमीटरवरील ब्रिक्सवरून बांधतात. तथापि ब्रिक्स हे रसातील विद्राव्य घटकांचे माप आहे. साल व तंतू त्यात येत नाहीत, त्यामुळे संपूर्ण मण्याचा घनभाग ब्रिक्सच्या आकड्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. ही मर्यादा मान्य करून ब्रिक्स हाच घनभाग धरला, तर १८ ब्रिक्सच्या १०० किलो मण्यांपासून सुमारे २१.२ किलो, तर २४ ब्रिक्सच्या तेवढ्याच मण्यांपासून सुमारे २८.२ किलो बेदाणा मिळतो. चारास एक हा उतारा २१ ब्रिक्सच्या आसपासच खरा ठरतो. वजन घडांसह केले असल्यास देठ व काढून टाकलेले मणी आधी वजा करावे लागतात. तसेच पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑईलच्या द्रावणात घड बुडवल्यावर अंगाला चिकटलेले द्रावण वजन वाढवते, म्हणून ताजे वजन बुडवण्यापूर्वीचे घ्यावे.

शेडमध्ये माल कधी काढावा, हे एका ट्रेच्या वजनावरून ठरवता येते. रॅकच्या मधल्या जाळीवर २२ टक्के घनभागाचे ५ किलो मणी ठेवले, तर त्यांत घनभाग १.१ किलो असतो. वजन २.२ किलोंवर आले की जलघट ५६ टक्के झालेली असते. तरीही मालात निम्मे पाणीच असते. १५ टक्के पाण्यासाठी ते १.२९ किलोंपर्यंत उतरले पाहिजे. वजन १.३४ किलोंवर थांबवल्यास पाणी १८ टक्के राहते. असा माल वजनाला भरतो, पण साठवणीत चिकटण्याचा व बुरशी लागण्याचा धोका वाढतो. उलट वजन १.२९ च्या बरेच खाली गेले, तर माल जास्त वाळला असेल, मणी फुटून रस गळला असेल किंवा मुळातील ब्रिक्स कमी असेल. जाळीखाली चिकट डाग दिसल्यास रस गळल्याचे समजावे, आणि मग घनभाग कायम राहतो हे गृहीतक लागू पडत नाही.

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलाही हेच सूत्र लागू आहे. तिच्यात साधारण ९१ टक्के पाणी धरल्यास १०० किलोंपासून १५ टक्के पाण्याचा माल सुमारे १०.६ किलो मिळतो. पाणी ९० टक्के असेल, तर तोच आकडा ११.८ किलो होतो. फळ जितके पाणीदार, तितकी ताज्या फळातील पाण्याच्या मोजणीतील एका टक्क्याची चूक उताऱ्याच्या मानाने अधिक मोठी होऊन येते.