लोड भिंतीलगत की टोकाकडे? एकाच कॅन्टिलिव्हरची दोन गणितं

३ मीटर लांब कॅन्टिलिव्हर आहे आणि त्याच्या २ मीटर भागावर मीटरमागे १० किलोन्यूटन लोड पसरलाय. हा लोड भिंतीलगत असला काय किंवा मोकळ्या टोकाकडे असला काय, एकूण भरतो २० किलोन्यूटनच. म्हणूनच या दोन गणितांची गल्लत होते. x भिंतीपासून मोजू, y वरच्या दिशेला धन घेऊ आणि EI = १०,००० kN·m² धरू.

लोड भिंतीलगत असेल, तर पहिल्या २ मीटरसाठी:

```
EI y'' = -5(2-x)^2
EI y'  = (5/3)(2-x)^3 - 40/3
EI y   = -(5/12)(2-x)^4 - (40/3)x + 20/3
```

दोन्ही स्थिरांक भिंतीपाशी मिळतात, कारण तिथे स्लोपही शून्य आणि डिफ्लेक्शनही शून्य. x = 2 ला EI y' = −13.33 आणि EI y = −20 येतं. पुढच्या १ मीटरवर मोमेंट शून्य आहे. तिथे बीम वाकत नाही, सरळच राहतो, पण कललेला. डिफ्लेक्शन २ मीटरवरच थांबलं असं समजणं ही इथली नेहमीची चूक. टोकाला 20 + 13.33×1 = 33.33, म्हणजे बीम ३.३३ मिमी खाली जातो.

आता लोड टोकाकडे सरकवा. भिंतीलगतच्या १ मीटरवर लोड नाही, पण मोमेंट आहे, आणि सगळ्यात जास्त तिथेच. त्यामुळे समीकरणं दोन आणि स्थिरांक चार:

```
0 ते 1:  EI y'' = -20(2-x)
1 ते 3:  EI y'' = -5(3-x)^2
```

भिंतीच्या अटी फक्त पहिल्या समीकरणाला लागतात. त्यातून x = 1 ला EI y' = −30 आणि EI y = −16.67 मिळतं. दुसऱ्या तुकड्याची सुरुवात याच दोन आकड्यांनी करायची, कारण सांध्यावर बीम तुटत नाही आणि त्याला कोपराही पडत नाही. टोकाला EI y = −96.67 येतं, म्हणजे ९.६७ मिमी. तोच लोड, पण डिफ्लेक्शन जवळजवळ तिप्पट.

घाईत भिंतीच्या अटी थेट दुसऱ्या समीकरणाला लावल्या, तर उत्तर 101.25 येतं. हा आकडा ओळखीचा आहे: पूर्ण ३ मीटरवर लोड असताना wL⁴/8 नेमकं एवढंच भरतं. म्हणजे रिकाम्या मीटरवरही आपण नकळत लोड ठेवलेला असतो.

पसरलेल्या लोडऐवजी त्याच्या मध्यावर २० किलोन्यूटनचा एकच लोड धरायचा मोह दोन्हीकडे होतो. टोकाकडच्या लोडमध्ये भिंतीलगतच्या रिकाम्या भागापुरतं ते अचूक आहे, पहिलं समीकरण त्यावरूनच लिहिलंय. पण भिंतीलगतच्या लोडला तीच युक्ती लावली तर टोकाला 33.33 ऐवजी 26.67 येतं, म्हणजे २० टक्के कमी. लोडच्या आतल्या भागात मोमेंट वक्र रेषेने बदलतो आणि एका बिंदूवरचा लोड ती वक्रता पुसून टाकतो.