डोळ्यांचे ड्रॉप्स: कुप्या कुणाला लागतात आणि बाटली कुणाला पुरते

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)

"ते छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांचे ड्रॉप्स द्या, भारी असतात म्हणे." कोरड्या डोळ्यांसाठी आमच्या मेडिकलमध्ये येणाऱ्यांपैकी बरेच जण अशीच मागणी करतात. कुपी महाग, म्हणून ती चांगली आणि बाटली स्वस्त, म्हणून ती कमअस्सल, असा समज झाला आहे. प्रत्यक्षात दोन्हींतलं ओलावा देणारं औषध बहुतेक वेळा तेच असतं: कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज, हायप्रोमेलोज किंवा सोडियम हायलुरोनेट. फरक असतो तो प्रिझर्व्हेटिव्हचा, म्हणजे उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेल्या रसायनाचा. ते डोळ्याला सोसेल की नाही, हे दिवसभरात त्याचे किती थेंब डोळ्यात पडतात यावर ठरतं. म्हणून कुठली कंपनी चांगली, हे विचारण्याआधी आपले थेंब मोजा.

बाटलीत काय असतं

महिनाभर रोज उघडायची बाटली बोटांना, पापण्यांना, हवेला लागत राहते. प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर काही दिवसांत तिच्यात जंतू वाढू शकतात. म्हणून कायद्याने आणि व्यवहारानेही साध्या बाटलीत ते लागतंच. यात सर्वांत जुनं आणि अजून सर्वाधिक वापरलं जाणारं रसायन म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड. ते जंतूंच्या आवरणाला फोडून त्यांना मारतं, पण डोळ्याच्या वरच्या पेशींचं आवरणही त्याला पूर्णपणे वेगळं वाटत नाही. भांड्याच्या साबणाने कढईचं तेल सुटतं, तसा अश्रूंवरचा तेलकट थरही त्याने विस्कटतो. हा थर अश्रू लवकर सुकू देत नाही. तो फाटला की डोळा अधिक कोरडा पडतो आणि ज्यासाठी ड्रॉप घातला तीच तक्रार वाढते.

दिवसातून दोन-तीनदा घातलं तर बहुतेकांचे डोळे हे सहज सहन करतात, कारण अश्रू ते धुऊन नेतात. पण ज्यांना मुळात अश्रूच कमी येतात त्यांच्या डोळ्यात ते जास्त वेळ राहतं. म्हणजे ज्याला ड्रॉपची सर्वांत जास्त गरज त्यालाच प्रिझर्व्हेटिव्हचा सर्वांत जास्त त्रास, अशी ही अडचण आहे.

त्यावर उपाय म्हणून सौम्य प्रिझर्व्हेटिव्ह आले. स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स उजेड लागला की मीठ, पाणी आणि ऑक्सिजनमध्ये विरघळून जातं. सोडियम परबोरेट डोळ्यात जाऊन आधी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मग पाणी व ऑक्सिजन होतं. पॉलिक्वाटर्नियमचे रेणू मोठे असल्याने ते पेशींत सहज शिरत नाहीत. दिवसाला चार वेळांपर्यंत वापरणाऱ्या सामान्य माणसाला असल्या बाटलीने भागतं. आमचं मत विचाराल तर कोरड्या डोळ्यांच्या सौम्य तक्रारीसाठी हीच बाटली आधी घ्यावी.

बाटली कुठली ते ओळखायला लेबलावर मागे, घटकांच्या यादीच्या शेवटी पाहा. औषधानंतर प्रिझर्व्हेटिव्हचं नाव आणि टक्केवारी छापलेली असते. बेंझाल्कोनियम बहुतेक ०.०१ टक्क्याच्या आसपास असतं. अक्षर बारीक असतं आणि चष्मा घरी राहिलेला असतो, त्यामुळे वाचता आलं नाही तर काउंटरवर खोका पुढे करा, आम्ही वाचून दाखवू.

थेंब मोजायचे कसे

दोन उदाहरणं घेऊ.

ऐरोलीच्या कंपनीत नोकरी, आठ-नऊ तास संगणक, वर एसीची हवा थेट तोंडावर. संध्याकाळी डोळे चुरचुरतात. दिवसातून तीनदा दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, म्हणजे रोज ६ थेंब. १० मिलीच्या बाटलीतून साधारण दोनशे थेंब निघतात. महिन्याचे १८० लागतात आणि उघडल्यावर एका महिन्याने बाटली टाकायचीच असते, म्हणजे बाटली जवळपास पूर्ण वापरून होते. दुसरी कुठली तक्रार नाही, दुसरा कुठला ड्रॉप नाही. या माणसाला कुप्यांची गरज नाही. त्याने स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली आणली, एसीची झडप फिरवली आणि जाणीवपूर्वक पापण्या मिटल्या तर कदाचित ड्रॉपही कमी लागतील.

आता दुसरं उदाहरण. अडुसष्ट वर्षांच्या एक काकू, काचबिंदूचं औषध चालू. रात्री लॅटॅनोप्रोस्ट एकदा, टिमोलॉल सकाळ-संध्याकाळ. डोळे सारखे खुपतात म्हणून बेंझाल्कोनियम असलेलं साधं ल्युब्रिकेटिंग ड्रॉप दिवसातून सहा वेळा. एका डोळ्यात रोज किती प्रिझर्व्हेटिव्हचे थेंब पडले? एक, दोन आणि सहा मिळून नऊ. शिवाय लॅटॅनोप्रोस्टच्या नेहमीच्या बाटलीत बेंझाल्कोनियम ०.०२ टक्के असतं, म्हणजे तो एक थेंब दुप्पट जड. अशा डोळ्यांना ड्रॉप घातल्यावर चुरचुरतं, आराम टिकत नाही, म्हणून माणूस अजून घालतो, आणि लाली आणखी वाढते. डॉक्टर पिवळ्या रंगाची चाचणी करून पाहतात तेव्हा बुबुळावर, विशेषतः खालच्या भागात, बारीक ठिपके उमटलेले दिसतात.

इथे प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री घेण्याने खरा फायदा होतो. ल्युब्रिकेटिंग ड्रॉप बदलला की नवाचे तीन होतात, काचबिंदूचा एकही थेंब न थांबवता. ते तीनही त्रास देत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली काचबिंदूची औषधं डॉक्टर लिहून देऊ शकतात. ती बदली आपण स्वतः कधीच करायची नाही, कारण काचबिंदूचं औषध चुकलं तर डोळ्यातला दाब वाढतो आणि गेलेली नजर परत येत नाही.

याशिवाय ज्यांना प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री लागतं: दिवसातून चार-पाचपेक्षा जास्त वेळा ड्रॉप घालणारे, शोग्रेन आजारासारखा तीव्र कोरडेपणा असलेले, बुबुळावर जखम किंवा आजार असलेले, लेझर किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ज्यांना डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे, आणि ज्यांना प्रिझर्व्हेटिव्हची ॲलर्जी आहे. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनीही लक्ष द्यावं. बेंझाल्कोनियम लेन्समध्ये शोषलं जातं आणि तिथूनच डोळ्याला लागत राहतं. असं ड्रॉप घालायचं तर लेन्स काढून घाला आणि १५ मिनिटांनी परत लावा. बाकी तुमचे थेंब तुम्हीच मोजा आणि संशय आला तर विचारा.

कुपी की झडपेची बाटली?

प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री म्हणजे कुपीच, असं आता राहिलेलं नाही. झडपेच्या बाटल्या मिळतात. दाबल्यावर थेंब बाहेर येतो, पण उरलेलं औषध किंवा जंतू आत परतू शकत नाहीत आणि आत जाणारी हवा गाळून जाते. काकूंसारख्या माणसाला दिवसाला सहा वेळा म्हणजे दिवसाला सहा कुप्या, महिन्याला एकशे ऐंशी. तीस कुप्यांचं खोकं पाच दिवसांत संपतं. एका कुपीत साधारण आठ-दहा थेंब असतात, लागतात दोन, बाकी टाकून द्यायचे. तिथे झडपेची बाटली स्वस्त पडते. तिला दाबायला मात्र जोर लागतो. बोटं आखडलेल्या वयस्कांना तो जमत नाही, आणि कुपीची पिळून उघडायची शेंडीही कित्येकांना जमत नाही. म्हणून खरेदीआधी एकदा काउंटरवर हाताळून पाहा.

कुपीचा खरा उपयोग आणखी एका माणसाला होतो आणि त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तो म्हणजे कधीतरीच ड्रॉप घालणारा. प्रवासात, घोडबंदर रोडच्या धुळीत, आठवड्यातून एकदा. त्याची बाटली एक महिन्याने जवळपास भरलेली असतानाच टाकावी लागते. कुपी मात्र न उघडता तारखेपर्यंत टिकते. पट्टी कागदी-चंदेरी पाकिटातच ठेवा, कारण पातळ प्लास्टिकमधून पाणी हळूहळू उडून जातं. पाकीट उघडल्यावर किती दिवसांत संपवायची ते वर छापलेलं असतं.

उरलेलं औषध जपून ठेवू नका

टोपण परत बसवून कुपी फ्रिजमध्ये ठेवणारे आम्हाला माहीत आहेत. कुपीत जंतूंना अडवणारं काहीच नसतं, आणि टोक पापणीला लागलं की जंतू आत शिरतात. पाकिटावर 'एकदाच वापरा' असेल तर एका वेळी दोन्ही डोळ्यांत घालून टाकून द्या. कंपनीने ठराविक तासांत परत वापरायची परवानगी दिली असेल तर तेवढाच वेळ.

जंतूंना अडवणारं काही नसण्याचा अर्थ किती गंभीर असतो, ते २०२३ मध्ये अमेरिकेत दिसलं. भारतात बनलेलं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं कृत्रिम अश्रूंचं औषध साध्या, बहुवापराच्या बाटलीत विकलं गेलं. औषधांना न जुमानणाऱ्या स्युडोमोनास जंतूंचा संसर्ग १८ राज्यांतल्या ८१ रुग्णांना झाला, काहींची नजर गेली आणि चार जणांचा मृत्यू झाला. तिथल्या औषध प्रशासनाने ज्या त्रुटी दाखवल्या त्यांत पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नसताना बहुवापराची बाटली वापरणं हीसुद्धा होती. तेव्हा 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' लिहिलेली साधी टोपणाची बाटली कुणी दिली, ऑनलाइन स्वस्तात मिळाली, तर घेऊ नका. कुपी असेल तर ठीक, झडपेची बाटली असेल तर ठीक.

घालताना

हात धुवा. खालची पापणी जरा ओढून त्या खोबणीत एकच थेंब सोडा. डोळ्यात तेवढीच जागा असते, दुसरा थेंब गालावर वाहतो. मग डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं हलक्या बोटाने दाबून धरा. दुसरं औषध असेल तर आधी ते घाला, पाच मिनिटं थांबा, आणि जाड जेल असेल तर ते सर्वांत शेवटी.

डोळ्यांची लाली घालवायचे ड्रॉप्स ल्युब्रिकेटिंग नसतात, आणि स्टेरॉइड असलेले ड्रॉप्स आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, कितीही ओळख असली तरी.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अचानक अंधुक दिसत असेल, चिकट पू येत असेल, किंवा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला असेल तर आमच्याकडून कुठलंच ड्रॉप घेऊ नका. लेन्स काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना घरी वापरत असलेले सगळे ड्रॉप्स, उघडलेले आणि न उघडलेले, एका पिशवीत घालून न्या.