गल्लीतला धूर आणि खाटेखालचा डास

पावसाळा ओसरू लागला की कोल्हापुरात एक तक्रार हमखास ऐकू येते: "शेजारच्या गल्लीत धूर मारून गेले, आमच्याकडं कोण फिरकलंच नाही." पुढची तक्रार दोन दिवसांनी येते: "धूर मारला, पण डास आहेत तेवढेच आहेत." पहिल्या तक्रारीला महापालिका मशीन पाठवून उत्तर देते. दुसरी जास्त नेमकी आहे, पण ती करणारे बहुतेक जण 'औषधात भेसळ असणार' एवढ्यावरच थांबतात. भेसळ असेलही कुठे. पण औषध शंभर टक्के शुद्ध असलं तरी ती तक्रार येणारच होती, आणि त्याचं कारण त्या पांढऱ्या धुराच्या घडणीत आहे.

मुळात तो धूर नाहीच. लाकूड किंवा टायर जळताना निघतो तो धूर, म्हणजे अर्धवट जळालेल्या पदार्थाचे कण. फॉगिंग मशीनमधून येतं ते तेलाचं धुकं. त्यात बहुतांश डिझेल असतं आणि थोडंसं कीटकनाशक. मॅलॅथिऑनचं शासकीय प्रमाण पाहा: एक लिटर मूळ औषध आणि एकोणीस लिटर डिझेल, म्हणजे पाच टक्के. काही ठिकाणी आता मॅलॅथिऑनऐवजी सायफेनोथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं वापरतात. घरातल्या मॅटमध्ये आणि लिक्विडमध्ये असतात त्यांचीच ही भावंडं. काहीही घातलं तरी डोळ्यांना दिसणारा तो दाट पांढरेपणा डिझेलचा असतो. नुसतं डिझेल भरून मशीन चालवलं तरी गल्ली तितकीच पांढरी होईल. त्यामुळे 'काय जबरदस्त धूर मारला' हे औषधाचं प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

आता ते मशीन. खांद्याला अडकवलेली, लांब नळीची, कानठळ्या बसवणारी ती बंदूक म्हणजे खरं तर एक छोटं जेट इंजिन आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने लंडनवर सोडलेल्या 'व्ही-१' या उडत्या बॉम्बचं इंजिन याच तत्त्वावर चालायचं. याला पल्सजेट म्हणतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका कोठीत पेटतं, गरम वायू लांब नळीतून बाहेर झेपावतात, त्यांच्या मागे कोठीत दाब कमी होतो, त्यामुळे नवी हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं आणि पुन्हा भडका उडतो. हे सेकंदाला ऐंशी ते शंभर वेळा घडतं, म्हणून वेगवेगळे फटके ऐकू न येता सलग घरघर ऐकू येते.

औषध मात्र या भडक्यात घालत नाहीत. तसं केलं तर ते जळूनच जाईल. नळीच्या अगदी टोकाशी, वायू बाहेर पडण्याच्या बेतात असताना, डिझेल आणि औषधाची बारीक धार त्यात सोडली जाते. तिथे तापमान काहीशे अंश असतं, त्यामुळे डिझेलची तत्काळ वाफ होते. पण ते तिथे राहतं सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरतं, म्हणून औषध फारसं बिघडत नाही. बाहेरची थंड हवा लागली की वाफ पुन्हा द्रव होते आणि असंख्य सूक्ष्म थेंब तयार होतात. थंडीत पन्हाळ्यावर तोंडातून वाफ निघते ना, तोच प्रकार, फक्त पाण्याच्या जागी तेल.

या थेंबांच्या आकारातच सगळी गंमत आहे. दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, एवढ्या व्यासाचा थेंब घ्या. तो इतका हलका असतो की शांत हवेत दहा फुटांवरून जमिनीवर यायला त्याला साधारण वीस मिनिटं लागतात. दहापट मोठा, शंभर मायक्रॉनचा थेंब तेच अंतर बारा सेकंदांत कापून खाली पडतो. दहापट व्यास म्हणजे शंभरपट वेग, कारण एवढ्या छोट्या थेंबाचा पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. शिवाय त्या एका मोठ्या थेंबात जेवढं औषध असतं तेवढ्यातून दहा मायक्रॉनचे हजार थेंब होतात, कारण आकारमान घनाच्या पटीत जातं. डासाला थेंब धडकायचा तर हवेत खूप थेंब हवेत आणि ते बराच वेळ तरंगायला हवेत. मग एक मायक्रॉनचे का करू नयेत? कारण इतका बारीक थेंब हवेच्या झोताबरोबर डासाच्या अंगाला वळसा घालून निघून जातो, धडकतच नाही. म्हणून पाच ते तीसच्या दरम्यानचा थेंब उपयोगाचा.

मशीन नीट तापलं नसेल किंवा औषधाचा नळ जास्त उघडला असेल तर थेंब मोठे होतात. हे ओळखणं सोपं आहे. नळीपुढे रस्ता ओला दिसतो, भिंतीवर तेलकट डाग पडतात. त्या डिझेलचा डासांना काहीही त्रास होत नाही. सुके, न ओलावणारे धुके हेच चांगल्या फॉगिंगचे लक्षण.

हेच थेंब हवेवर अवलंबून असतात, म्हणून वेळ महत्त्वाची. भर दुपारी तापलेल्या डांबरावरून हवा वर उठते आणि धुकं सोबत घेऊन छपरांच्या वर निघून जाते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जमिनीलगतची हवा थंड असते, तेव्हा ते खालीच रेंगाळतं. वारा असेल किंवा पाऊस असेल तर मशीन न काढणंच बरं.

आता हे सगळं बिनचूक झालं असं मानू आणि मंगळवार पेठेतल्या एखाद्या गल्लीत जाऊ. एका घरात डेंग्यूचा रुग्ण सापडलाय. संध्याकाळी साडेसहाला मशीन येतं, गल्लीभर धुकं पसरतं, लोक दारं-खिडक्या लावून घेतात. डेंग्यूचा डास, एडिस, त्या वेळी कुठे असतो? त्याला घर आवडतं. खाटेखाली, खुंटीला टांगलेल्या कपड्यांमागे, देवघराच्या मागच्या अंधारात, मोरीतल्या बादलीच्या आडोशाला तो बसतो. बंद दारातून त्याच्यापर्यंत थेंब पोहोचत नाही. गल्लीत उडणारे मरतात, आणि त्यांत बरेचसे क्युलेक्स असतात, म्हणजे जयंती नाल्यात आणि गटारात वाढणारे, रात्री कानाशी गुणगुणणारे. ते त्रास देतात, पण डेंग्यू पसरवत नाहीत.

समजण्यापुरते आकडे मानू. गल्लीत पाचशे एडिस आहेत, त्यांतले चारशे घरांत आणि शंभर बाहेर. बाहेरच्यांपैकी ऐंशी मेले. मागच्या अंगणातल्या बॅरलांतून, जुन्या दगडी डोणींतून रोज चाळीस नवे डास उडत असतील, तर दोन दिवसांत हिशेब बरोबरीत. धुकं पाण्यातल्या अळीला आणि कोशाला काही करत नाही, अंड्याला तर नाहीच. आणि तेलाचे थेंब खाली बसले की संपलं; उद्या उडणाऱ्या डासासाठी मागे काहीच उरत नाही. रस्त्यावरच्या अशा फवारणीने डेंग्यूचा प्रसार थांबतो का, यावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. नुसत्या फवारणीच्या बाजूने ठोस पुरावा त्यात मिळाला नाही.

मग फवारणी कधीच उपयोगाची नाही का? आहे, पण घराच्या आत. रुग्णाला चावलेला डास लगेच रोग देत नाही. विषाणू त्याच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचायला आठ ते बारा दिवस लागतात. या मुदतीत रुग्णाच्या घरात आणि आसपासच्या पन्नासेक घरांत पायरेथ्रम केरोसीनमध्ये मिसळून फवारलं, तर साखळी तुटू शकते. आरोग्य खात्याची पद्धतही तीच आहे. म्हणून कर्मचारी आत येऊ द्या म्हणाले तर नाही म्हणू नका. गल्लीच्या तोंडाशी धूर मारून फोटो काढणं सोपं आहे, खाटेखाली फवारणं कष्टाचं. आणि मोबाईलमधून 'डास पळवणारा आवाज' काढणारी ॲप्स उघडून बसू नका. त्या आवाजाने डासांना काही फरक पडत नाही हे पुन्हा पुन्हा तपासून झालंय.

आता घरात काय करायचं? 'मशीन आलं, खिडक्या लावा' हा सल्ला डासांच्या दृष्टीने उलटा आहे. धुकं आत यावं म्हणून दारं-खिडक्या उघडी ठेवायची असतात. पण माणसांनी तेव्हा आत थांबायचं नसतं. घरात दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ, गरोदर बाई असेल आणि बाहेर जाणं जमत नसेल तर खिडक्या बिनधास्त लावा. डास राहतील, पण डिझेलची वाफ फुप्फुसात ओढण्यापेक्षा ते परवडलं. आत येऊ द्यायचं ठरवलं तर गॅस बंद, देवाजवळचा दिवा आणि उदबत्तीही विझवायची, कारण दाट तेलाचं धुकं पेट घेऊ शकतं. अन्न आणि पाण्याची भांडी झाका. मासे असतील तर टाकी झाकून हवेचा पंप बंद करा, पायरेथ्रॉइड माशांना आणि मांजरांना घातक असतं. अर्ध्या तासाने परत येऊन पंखे लावा, ओटा आणि जेवणाची जागा साबणाने पुसा. मशीनमागे धावणाऱ्या पोरांना आवरा. मॅलॅथिऑनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आहे. गल्लीत एकदा श्वास घेतल्याने काही होत नाही, पण रोज मशीन धरणाऱ्या माणसाला तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही.

रुग्णाला ताप आल्यापासून पाचेक दिवस दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो आणि एडिस दिवसा चावतो.

उरला बॅरल. पाणी येईल न येईल म्हणून तो प्रत्येक अंगणात आहे आणि तो काढा म्हणण्यात अर्थ नाही. अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या उबेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा रिकामा करायचा. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिस अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर आतल्या ओलसर भिंतीला चिकटवतो. ती काळ्या ठिपक्यांसारखी असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. त्यामुळे आतून ताराच्या ब्रशने कड घासायची, मग भरायचं, वर घट्ट कापड बांधायचं. मोठा हौद असेल तर गप्पी मासे सोडा. ते मागायला महापालिकेच्या हिवताप विभागात जा. फ्रीजमागचा ट्रे, तुळशीच्या कुंडीखालची ताटली आणि उद्यमनगरात गॅरेजबाहेर रचलेले जुने टायरही त्याच दिवशी पाहून घ्या. उन्हाळाभर कोरडा पडलेला टायरही जूनच्या पहिल्या पावसात पुन्हा डास सोडतो.