छत्तीसचा पन्हा आणि अठ्ठावन्नचा पन्हा: गणवेशाला कापड किती, खर्च किती

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी टेलरमामांना फोन करून विचारलं, चौथीतल्या मुलाच्या दोन शर्टांना पांढरं कापड किती आणू? ते म्हणाले, "ताई, दोन साठ आणा." मी दुकानात जाऊन 2.60 मीटर मागितलं, दुकानदाराने ठाणावरून सर्रकन मापून फाडून दिलं. शर्ट शिवून आले, त्यांच्यासोबत एक गुंडाळीही आली. उलगडून पाहिली तर मीटरभराहून जास्त, चांगलं सलग कापड. मामांनी छत्तीसच्या पन्ह्याचा हिशेब सांगितला होता, मी अठ्ठावन्नच्या पन्ह्याचं कापड नेलं होतं. दोघांच्याही तोंडी आकडा एकच, "दोन साठ". खोटं कुणीच बोललं नव्हतं.

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंतची. मीटर मोजला जातो तो फक्त लांबीचा. शर्टाच्या कापडात लहान पन्हा साधारण 36 इंचांचा असतो आणि मोठा 58 इंचांचा. पँटचं कापड बहुतेक 58 इंचीच मिळतं, त्यामुळे तिथे गोंधळ कमी. शर्टिंगमध्ये मात्र एकाच दुकानात, एकाच फळीवर दोन्ही पन्ह्यांची ठाणं शेजारी उभी असतात. पांढऱ्यावर पांढरं, हाताला सारखंच लागणारं. दुकानदार मीटरचा भाव सांगतो, टेलर मीटरची लांबी सांगतो, आणि रुंदी विचारायची राहून जाते. त्यात जुने कारागीर अजून वारात बोलतात. एक वार म्हणजे 36 इंच लांबी, जवळपास 91 सेंटिमीटर. "छत्तीस" हा आकडा लांबीचा की रुंदीचा, हेही मग वेगळं विचारावं लागतं.

एवढा फरक का पडतो, हे एक शर्ट कापून पाहिल्यावरच कळतं. दहा वर्षांचा मुलगा धरू. छाती 28 इंच, शर्टाची उंची 22, अर्ध्या बाह्या. अंगावर मोकळा बसावा म्हणून शर्टाचा घेर छातीपेक्षा सहाएक इंच जास्त ठेवतात. त्यामुळे पाठीचा तुकडा मायेसकट 19 इंच रुंद होतो. पुढचे दोन भाग बटणपट्टीसकट प्रत्येकी 11 इंच, म्हणजे दोन्ही मिळून 22. खालची दुमड आणि शिवणीची माया धरून उंची 25 इंच होते.

आता हे तुकडे छत्तीसच्या पन्ह्यावर शेजारी शेजारी मांडा. 19 आणि 22 मिळून 41 इंच झाले, पन्हा 36. बसत नाही. मग पाठ एका उंचीत काढायची, पुढचे भाग तिच्याखाली दुसऱ्या उंचीत. दोन वेळा 25, म्हणजे 50 इंच लांबी. पाठीच्या बाजूला 17 इंचांची पट्टी उरते, तिच्यात दोन्ही बाह्या एकाखाली एक बसतात. पुढच्या भागांच्या बाजूला उरतं त्यातून कॉलर, खिसा आणि खांद्याचा तुकडा निघतो. हिशेब झाला 1.30 मीटरचा.

तेच तुकडे अठ्ठावन्नवर मांडले की 41 इंचांत तिन्ही मुख्य भाग एकाच ओळीत बसतात आणि वर 17 इंच रुंदी मोकळी राहते. तिच्यात दोन्ही बाह्या मावतात. कॉलर आणि खिशासाठी जरा लांबी जास्त घ्यावी लागते, म्हणून 25 इंचांऐवजी 31-32 इंच, म्हणजे 80 सेंटिमीटर. दोन शर्ट एकत्र कापले तर ही वरची लांबी दोनदा लागत नाही, 1.50 मीटरमध्ये दोन्ही निघतात. छत्तीसवर दोन शर्टांना 2.60 लागतात. मामांचं "दोन साठ" ते हेच.

चूक उलट दिशेने झाली तर जास्त वाईट. अठ्ठावन्नचा हिशेब ऐकून छत्तीसचं 80 सेंटिमीटर आणलं, तर त्यातून शर्ट निघतच नाही, आणि दुकानात परत जाईपर्यंत त्या ठाणाचा पांढरा रंग संपलेला असू शकतो. पांढऱ्यातही निळसर पांढरा आणि दुधी पांढरा असा फरक असतो. बाह्या एका छटेच्या आणि पाठ दुसऱ्या छटेची झाली की प्रार्थनेच्या रांगेत उन्हात उभं राहिल्यावर ते दिसतं.

भावाचं काय? समजा, छत्तीसचं शर्टिंग 110 रुपये मीटर आहे आणि त्याच प्रतीचं अठ्ठावन्नचं 165. हे भाव हिशेबापुरते धरले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. ऐकताना अठ्ठावन्नचं महाग वाटतं. पण दोन शर्टांना छत्तीसचं 2.60 मीटर घेतलं तर 286 रुपये होतात, आणि अठ्ठावन्नचं 1.50 मीटर घेतलं तर साधारण 248. महाग वाटलेलं कापडच स्वस्त पडलं. 58 ला 36 ने भागलं की 1.6 येतात. लहान पन्ह्याच्या भावाची 1.6 पट करा, इथे 176. मोठ्या पन्ह्याचा भाव त्याखाली असेल तर मोठा घ्या. दुकानात उभ्या उभ्या हे तोंडी जमतं: दीडपट, आणि वर दहावा हिस्सा.

पण हा नियम चुणीदार कपड्याला लागू पडत नाही, आणि मुलींच्या गणवेशात नेमक्या चुण्याच असतात.

आठवीच्या खालच्या मुलींना बऱ्याच शाळांत पिनाफोर असतो: वर बिनबाह्यांची चोळी, खाली बॉक्स प्लेटचा घेर. पूर्ण प्लेट घालायच्या तर कंबरेच्या तिप्पट कापड लागतं. कंबर 24 इंच, म्हणजे घेराला 72 इंच रुंदी. प्लेटची घडी नीट राहायला धागा उभाच हवा, म्हणून घेर पन्ह्याच्या रुंदीत घ्यायचा आणि कमी पडला तर दुसरा पन्हा जोडायचा. छत्तीसचे दोन पन्हे जोडले की जवळपास बरोबर 72 भरतात, काही वाया जात नाही. घेराची उंची मायेसकट 24 इंच, दोनदा घेतली की 48 इंच. चोळीचे दोन तुकडे शेजारी बसतात, त्यांना आणखी 14 इंच. एकूण 62 इंच, म्हणजे 1.60 मीटर.

अठ्ठावन्नच्या एका पन्ह्यात 72 भरत नाहीत, म्हणून इथेही दोन पन्हे घ्यावे लागतात. दुसऱ्यातले 15-16 इंचच लागतात, उरलेल्या तुकड्यातून चोळी निघते. लांबी 48 इंचांखाली येत नाही, म्हणजे 1.25 मीटर. वरच्या नियमाने भागून कुणी एक मीटर आणलं असतं तर घेर दोन पन्ह्यांचा होऊच शकला नसता. टेलर अशा वेळी "बसवतो" म्हणतो आणि बसवतोही, पण प्लेट उथळ घालून. त्या चालताना फाकतात आणि दोन धुण्यांत घडी सोडतात. पिनाफोर हातात आला की एक प्लेट उघडून बघा. आतली घडी बाहेर दिसणाऱ्या पट्टीइतकीच रुंद असेल तर कापड पुरं पडलं होतं.

पिनाफोरच्या कापडाचा भाव छत्तीसला 130 आणि अठ्ठावन्नला 190 धरा. एकाच पिनाफोरला लहान पन्हा 208 रुपयांत होतो, मोठा 238 रुपयांत. इथे लहान पन्हा जिंकला. दोन पिनाफोर एकत्र कापले तर मोठ्या पन्ह्याच्या तीन उंच्यांत दोन्ही घेर निघतात, चोळ्यांसकट 2.25 मीटर पुरतं, साधारण 428 रुपये. छत्तीसला दोहोंचे 3.20 मीटर लागतात, 416 रुपये. फरक बारा रुपयांचा, म्हणजे नसल्यातच जमा. म्हणून पिनाफोरला कापड घेताना नग किती शिवायचे ते टेलरला आधी सांगावं. एक आज आणि एक दिवाळीनंतर असं केलं तर मोठ्या पन्ह्यात तोटाच होतो.

आता शिलाई. मुलाच्या दोन जोडांचा पूर्ण हिशेब मांडते. शर्टाचं अठ्ठावन्नचं कापड 248. दोन हाफ पँटना, पुढे उंची सोडायला दोन दोन इंच जास्त माया ठेवून, 58 इंची सूटिंग 1.20 मीटर, 240 रुपये भावाने 288. शिलाई शर्टाची 200 आणि पँटची 220 धरली, तर दोन जोडांचे 840. सगळे मिळून 1,376 रुपये, आणि त्यात साठ टक्क्यांहून जास्त शिलाईच. छत्तीसचं शर्टिंग घेतलं असतं तर एकूण 1,414 झाले असते. म्हणजे योग्य पन्हा निवडून मी वाचवले असते जेमतेम 38 रुपये. चुकीच्या पन्ह्यावर बरोबर आकडा लावून मी घालवले ते मात्र 181, कारण 1.10 मीटर जास्तीचं आणलं. भावावर घासाघीस करण्यापेक्षा टेलरला "कोणत्या पन्ह्याचं?" असं विचारण्यात जास्त पैसे आहेत.

शिलाई पन्ह्यावर ठरत नाही, नगावर ठरते. पण तिथेही एक प्रश्न राहतोच: सामान धरून की सामान सोडून? बटणं, चेन, हुक, कॉलरचं कॅनव्हास, पँटच्या खिशाचं अस्तर हे काही जण शिलाईत धरतात, काही जण वेगळं लावतात. 220 सामान धरून आणि 190 सामान सोडून, यात स्वस्त कोण हे पँट घ्यायला गेल्यावरच कळतं.

दुकानात टेप घेऊन जायला मी आता लाजत नाही. छत्तीसचं म्हणून दिलेलं ठाण किनारी सोडून मोजलं की कधी कधी 35 भरतं. शर्टाला त्याने बिघडत नाही, पण पिनाफोरचा घेर 72 चा 70 होतो. सुती कापड असेल तर कापण्याआधी पाण्यात भिजवून वाळवावं. चार टक्के आटलं तरी 22 इंची शर्ट जवळपास इंचभर वर जातो. टेरीकॉटला ती भीती फारशी नाही. चौकड्याचं कापड असेल तर पुढच्या दोन भागांच्या रेघा जुळवायला टेलर थोडी लांबी जास्त मागतो, ती द्यावी.

माझी ती उरलेली गुंडाळी मामांनी यंदा मागून घेतली. "बारक्याच्या शर्टाला होईल की, ताई." धाकटा पहिलीत गेलाय, छाती 24. अठ्ठावन्नचं 1.10 मीटर होतं, त्याचे दोन शर्ट निघाले आणि मी फक्त शिलाई दिली.